ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटमधून कामांची यादी: तारीख, मुदत आणि जबाबदार माणूस कसा काढायचा

प्रश्न: सोसायटीच्या कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चर्चा झाली की कोणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवतं आणि ‘यातून कामांची यादी करून टाका’ म्हणतं. मीटिंग कधी, कुठलं काम कोणत्या तारखेपर्यंत आणि कोण करणार, हे न चुकता कसं काढायचं? दर वेळी यादीवरून वाद होतो.

उत्तर:

यादी करायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: हा स्क्रीनशॉट कोणत्या दिवशी काढला? व्हॉट्सॲप प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात फक्त वेळ दाखवतं. तारीख असते ती मेसेजांच्या मधल्या छोट्या पट्टीवर, आणि तिथेही दर वेळी तारीख लिहिलेली नसते. आजचे मेसेज असतील तर `Today`, कालचे असतील तर `Yesterday`, गेल्या काही दिवसांतले असतील तर नुसता वार, आणि त्याहून जुने असले तरच पूर्ण तारीख. बुधवारी काढलेल्या स्क्रीनशॉटवरचं `Yesterday` म्हणजे मंगळवार. तोच फोटो तुमच्याकडे शुक्रवारी आला की तुम्ही त्याचा गुरुवार करता. मग ‘उद्या’, ‘परवा’, ‘आठ दिवसांत’ हे सगळे शब्द दोन दोन दिवसांनी पुढे सरकतात. यादी दिसायला व्यवस्थितच असते, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती कळते थेट काम चुकल्यावर.

दिवस शोधायला फाइलचं नाव उपयोगी पडतं, पण ते जपून वाचावं लागतं. अँड्रॉइड फोनवर स्क्रीनशॉटचं नाव साधारण `Screenshot_20250820-213512.png` असं असतं. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, आणि पुढचे सहा म्हणजे वेळ. मात्र हाच फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की तुमच्या फोनवर त्याचं नाव `IMG-20250822-WA0007.jpg` असं होतं. त्यातली तारीख फोटो पाठवल्याची किंवा तुमच्याकडे आल्याची असते, काढल्याची नव्हे. आयफोनवर मूळ नाव `IMG_4471.PNG` असं क्रमांकाचं असतं आणि तारीख फोटोच्या माहितीत असते, पण फोटो म्हणून पाठवताना ती माहितीही गळून पडते. म्हणून पाठवणाऱ्याला सांगा की स्क्रीनशॉट `Document` म्हणून पाठवा. त्याने मूळ नाव टिकतं, आणि चित्र दाबलं जात नसल्यामुळे आकडेही फुटत नाहीत. तेवढं होत नसेल तर सरळ विचारा, ‘हा स्क्रीनशॉट कधी काढलात?’ या एका प्रश्नाने पुढचे निम्मे घोळ टळतात.

फ्लॅटचे मालक परदेशात असतील आणि स्क्रीनशॉट त्यांनी पाठवला असेल, तर आणखी एक तपासणी लागते. मेसेजवरची वेळ स्क्रीनशॉट काढणाऱ्याच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे असते. आपल्याकडे २० ऑगस्टला रात्री १२:२० वाजता आलेला मेसेज न्यू जर्सीतल्या मालकांच्या फोनवर १९ ऑगस्टच्या दुपारी २:५० चा दिसतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून पट्टीवरचा दिवसही बदलतो. अशा स्क्रीनशॉटवर काम करण्यापेक्षा इथल्या कोणा सदस्याकडून तोच भाग पुन्हा मागवणं बरं.

तुम्ही स्वतः त्या ग्रुपमध्ये असाल तर स्क्रीनशॉटचा उपयोग फक्त कुठे बघायचं हे कळण्यापुरता करा आणि मजकूर चॅटमधूनच घ्या. ग्रुप उघडून तीन टिंबं, मग `More`, `Export chat`, `Without media` असं केलं की साधी मजकुराची फाइल मिळते. आयफोनवर हाच पर्याय ग्रुपच्या माहितीच्या पानावर तळाशी असतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक मेसेजसमोर तारीख आणि वेळ दोन्ही येतात, म्हणजे वरचा सगळा खटाटोप वाचतो. ग्रुपमध्ये जास्तीची गोपनीयता चालू केली असेल तर एक्स्पोर्ट बंद असतो. तेव्हा आणि तुम्ही ग्रुपमध्येच नसता तेव्हा मात्र स्क्रीनशॉटवरूनच काम करावं लागतं. पुढचं सगळं त्या परिस्थितीसाठी आहे.

मजकूर उतरवून घेताना

एक-दोन स्क्रीनशॉट असतील तर हाताने टाइप करा. त्यात वेळ फार जात नाही, आणि टाइप करताना प्रत्येक ओळ वाचली जाते. दहा-बारा असतील तर चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून त्यावर उजवं क्लिक, `Open with`, `Google Docs` असं करा. चित्राखाली त्यातला मजकूर येतो आणि मराठीही बऱ्यापैकी ओळखली जाते. संगणकावर टेसरॅक्ट हा चित्रातला मजकूर वाचणारा प्रोग्राम असेल तर त्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्या, कारण आपल्या ग्रुपवर एकाच ओळीत दोन्ही लिप्या असतात:

```
tesseract chat.png out -l mar+eng --psm 6
```

यंत्राने वाचलेल्या मजकुरात शब्द चुकले तर ते चटकन दिसतात. आकडे चुकले तर दिसत नाहीत, कारण चुकलेला आकडाही आकडाच असतो. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल सर्रास होते, ४ आणि ५ यांचीही होते. ‘१९ तारखेला’ चं ‘११ तारखेला’ झालं तर वाक्य वाचून काहीच खटकणार नाही. त्यामुळे मजकूर कसाही उतरवला तरी प्रत्येक आकडा मूळ चित्र मोठं करून पुन्हा बघायचाच. कोणी तारखेसोबत वार लिहिला असेल तर तो फुकटचा पडताळा आहे: कॅलेंडर उघडून त्या तारखेला तोच वार येतो का ते पाहा. जुळला नाही तर वाचण्यात तुमची चूक आहे किंवा लिहिणाऱ्याची. दोन्ही बाबतीत मनाने दुरुस्त न करता विचारायचं.

नावांचं थोडं वेगळं आहे. एकाच माणसाने सलग तीन मेसेज टाकले तर नाव फक्त पहिल्यावर दिसतं. स्क्रीनशॉट तिसऱ्या मेसेजपासून सुरू झाला तर वरचा मेसेज कोणाचा हे कळायला मार्ग नसतो; तिथे अंदाज न करता प्रश्नचिन्ह टाका. उजवीकडचे हिरवे मेसेज ज्याने स्क्रीनशॉट काढला त्याचे असतात, आणि त्यावर नाव कधीच नसतं. फोटो तिसऱ्याच माणसाने पुढे पाठवला असेल तर हिरवे मेसेज त्याचे समजू नका. नावंही ज्याच्या फोनवर जशी साठवली तशीच दिसतात. सोसायटीत निम्मे लोक ‘ए-३०२’, ‘बी-५०४ काका’ असे साठवलेले असतात, आणि एका फ्लॅटमधून नवरा-बायको दोघं ग्रुपवर असू शकतात. म्हणून यादीत येणारं नाव स्क्रीनशॉटवरून उचलायचं नाही, सभासदांच्या यादीशी ताडून लिहायचं.

एकाहून जास्त स्क्रीनशॉट असतील तर आधीच्याचा शेवटचा मेसेज पुढच्याच्या सुरुवातीला पुन्हा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर मध्ये काहीतरी सुटलंय असं धरा. कोणीतरी उत्तर देताना वर उद्धृत केलेला मेसेज तुमच्याकडच्या कुठल्याच चित्रात सापडत नसेल, तरीही तोच अर्थ. लांब मेसेज `Read more` वर तुटला असेल तर तारीख बहुधा त्या न दिसणाऱ्या भागात असते. आवाजी मेसेज असेल तर ‘आवाजी मेसेज, इतक्या वाजता, ऐकलेला नाही’ अशी नोंद करून ठेवा. बरेचसे निर्णय त्यातच झालेले असतात.

एक नमुना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपचा हा स्क्रीनशॉट आहे. फाइलच्या नावावरून तो बुधवार, २० ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी काढला हे कळलं. उतरवलेला मजकूर असा:

`Yesterday`
सचिव, रात्री ९:१२: एजीएम २१ सप्टेंबरला रविवारी घेऊया का? सकाळी साडेदहा, क्लब हाऊस.
खजिनदार, ९:१५: चालेल. ऑडिट रिपोर्ट परवापर्यंत मिळेल सीएंकडून.
ए-३०२, ९:१६: 👍
(हिरवा मेसेज), ९:२०: टाकी सफाई गणपतीच्या आधी झालीच पाहिजे. कोण बघतंय?
बी-५०४ काका, ९:२४: मी परवा बोललो त्याच्याशी. शनिवारी येतो म्हणाला.
सचिव, ९:३१: काका मग तुम्हीच बघा. पाणी बंदची नोटीस आदल्या दिवशी लावा. (मेसेजखाली एक 👍)
`Today`
सचिव, रात्री १२:२०: नोटीस उद्या टाकतो ग्रुपवर.
ए-३०२, सकाळी ८:०५: लिफ्टवाल्याला आज संध्याकाळी पावणेआठला बोलावलंय. कोणीतरी थांबा.
खजिनदार, ८:१०: थकबाकीची यादी मी आठ दिवसांत देतो.

आता एक चौकट आखा. पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात तुम्ही काढलेली तारीख, तिसऱ्यात माणूस, चौथ्यात मेसेजमधले मूळ शब्द, पाचव्यात स्थिती. मूळ शब्दांचा रकाना कधीच वगळू नका. वाद होतो तेव्हा तुमचा अर्थ आणि त्यांचे शब्द शेजारी दिसले की अर्ध्या मिनिटात मिटतो. शब्द नसले तर चर्चा ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ वर जाते.

पहिला मेसेज सभेचा. पट्टीवरून तो मंगळवार, १९ ऑगस्टचा. २१ सप्टेंबर २०२५ ला रविवारच येतो, म्हणजे तारीख बरोबर वाचली. साडेदहा म्हणजे १०:३०, ठिकाण क्लब हाऊस. पण वाक्याच्या शेवटी ‘का?’ आहे. एकाने ‘चालेल’ म्हटलं आणि एकाने अंगठा दाखवला, एवढ्याने सभा ठरत नाही. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असाही असतो, आणि इथे तो नेमका सचिवांच्या प्रस्तावाला आहे की ऑडिट रिपोर्टच्या बातमीला, हेही सांगता येत नाही. स्थितीत ‘प्रस्ताव’ लिहा. ‘ठरलं’ हा शब्द फक्त तिथे वापरा जिथे अधिकार असलेल्या माणसाने स्पष्ट सांगितलंय.

या मेसेजमधून एक मुदत निघते जी चॅटमध्ये कोणीच लिहिलेली नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. २१ सप्टेंबरच्या सभेसाठी मधले चौदा दिवस म्हणजे ७ ते २० सप्टेंबर, म्हणून नोटीस उशिरात उशिरा ६ सप्टेंबरला सभासदांच्या हातात हवी. मोजायची सोपी रीत: सभेच्या तारखेतून १५ वजा करा. आणि २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी घरोघरी नोटिसा वाटून सह्या घेणं होणार नाही, तेव्हा यादीत व्यवहार्य तारीख ४ सप्टेंबर लिहा आणि शेजारी ‘शेवटची ६’ अशी नोंद ठेवा. तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी काढून दिवसांचा आकडा एकदा पाहून घ्या, कारण तुमच्यावर बंधनकारक तेच आहेत. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे २१ तारीख हुकली तर पुढे फक्त २८ चा रविवार उरतो. हेही स्थितीच्या रकान्यात लिहून ठेवण्यासारखं आहे.

पुढे ‘परवा’ दोनदा आलाय आणि दोन्हींचा दिवस वेगळा आहे. खजिनदारांचं ‘परवापर्यंत मिळेल’ भविष्यातलं आहे, म्हणून मंगळवारपासून मोजून गुरुवार, २१ ऑगस्ट. काकांचं ‘परवा बोललो’ भूतकाळातलं, म्हणजे रविवार, १७ ऑगस्ट. ते काम झालेलं आहे आणि यादीत येणारच नाही. क्रियापद बघितल्याशिवाय ‘परवा’ ची तारीख काढायची नाही. ग्रुपवर क्रियापदाशिवाय ‘रिपोर्ट परवा’ एवढंच आलं तर तारखेची जागा मोकळी सोडा.

ऑडिट रिपोर्टच्या ओळीत जबाबदार माणूस कोण? ‘मिळेल सीएंकडून’ ही खजिनदारांनी दिलेली बातमी आहे, शब्द नाही. रिपोर्ट देणार सीए, आणि ते ग्रुपवरही नाहीत. यादीत बाहेरच्या माणसाचं नाव टाकलं की त्या कामाकडे कोणीच बघत नाही. अशा ठिकाणी काम बदलून लिहा: ‘सीएंकडून ऑडिट रिपोर्ट मिळवणे’, आणि समोर खजिनदार, पण ‘होकार घ्यायचा’ या स्थितीत.

टाकी सफाईचे दोन धागे आहेत. ‘गणपतीच्या आधी’ ही मुदत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी बुधवार, २७ ऑगस्टला आहे, म्हणून शेवटचा दिवस २६. ‘शनिवारी येतो’ ही भेट. मंगळवारी बोललेला शनिवार म्हणजे २३ ऑगस्ट. भेट मुदतीच्या आत बसते. हे जुळवून पाहणं गरजेचं आहे, कारण तोच माणूस ‘पुढच्या शनिवारी’ म्हणाला असता तर कोणी २३ धरली असती, कोणी ३०, आणि ३० गणपतीनंतर येते. ‘पुढचा’ आणि ‘येता’ हे शब्द वाराच्या आधी आले की तारीख विचारूनच लिहायची, माझा तरी हा पक्का नियम आहे. पाणी बंदची नोटीस आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवार २२ ला. तारखा पक्क्या झाल्या, माणूस मात्र झाला नाही. सचिवांनी ‘तुम्हीच बघा’ म्हटलं, खाली एक अंगठा आहे, पण तो कोणाचा हे स्क्रीनशॉटवर दिसत नाही; त्यावर बोट ठेवल्यावरच नाव उघडतं. काकांनी दिला असेल तर होकार, दुसऱ्या कोणी दिला असेल तर काहीच नाही. ग्रुपमधल्या कोणालाही ते बघून सांगायला सांगा.

रात्री १२:२० चा मेसेज सगळ्यात अवघड. पट्टी बदलून `Today` झाली, म्हणजे तारीख २०. पण जागा असलेला माणूस झोपण्याआधी ‘उद्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात उजाडणारा दिवस असतो, म्हणजे २० च. कॅलेंडरने मोजलं तर २१ येते. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतला ‘आज’ आणि ‘उद्या’ नेहमी विचारून घ्यावा. शिवाय ‘नोटीस’ कोणती? वर सभेची गोष्ट झाली आणि पाणी बंदच्या नोटिशीचीही. पाण्याची असेल तर काकांचं काम सचिवांनी स्वतःकडे घेतलंय. सभेची असेल तर दुसराच मुद्दा येतो: ग्रुपवर टाकलेला मेसेज आणि उपविधीप्रमाणे सभासदांना पोहोचवलेली नोटीस ही दोन वेगळी कामं आहेत, आणि यादीत त्यांच्या दोन वेगळ्या ओळी हव्यात. पहिल्यावर ‘झालं’ अशी खूण केली म्हणून दुसरं झालं असं होत नाही.

लिफ्टच्या ओळीत वेळ स्पष्ट आहे: पावणेआठ म्हणजे ७:४५, ८:१५ नव्हे. घाईत ‘पावणे’ आणि ‘सव्वा’ यांची गल्लत होते, म्हणून यादीत वेळ नेहमी आकड्यांत लिहा. माणूस मात्र ‘कोणीतरी’ आहे. तिथे ए-३०२ चं नाव टाकण्याचा मोह होतो, कारण बोलावलं त्यांनी. त्यांनी थांबतो असं म्हटलेलं नाही, उलट दुसऱ्याला थांबायला सांगितलंय. रकान्यात ‘कोणी नाही’ असं लिहा. हे काम आजचंच आहे, तेव्हा बाकीच्या यादीसाठी न थांबता आधी हाच प्रश्न ग्रुपवर टाका.

शेवटची ओळ खजिनदारांची, आणि या सगळ्यात पूर्ण शब्द दिलेला हाच एक मेसेज: ‘मी’ आहे, काम आहे, मुदत आहे. आपल्याकडे ‘आठ दिवसांत’ म्हणजे एक आठवडा आणि ‘पंधरा दिवसांत’ म्हणजे दोन आठवडे. बुधवारी म्हटलेलं पुढच्या बुधवारी येतं. त्या हिशोबाने २७ ऑगस्ट. ती नेमकी गणेश चतुर्थी, म्हणून तारीख २६ लिहून ‘चालेल का?’ असं विचारा. मनाने २८ करू नका; मुदत पुढे ढकलायची तर ती ज्याने दिली त्याने ढकलावी.

तयार यादी अशी दिसेल:

| काम | कधी | कोण | मूळ शब्द | स्थिती |
|---|---|---|---|---|
| लिफ्ट दुरुस्तीवेळी थांबणे | बुध २० ऑगस्ट, सायं. ७:४५ | कोणी नाही | कोणीतरी थांबा | आज ठरवा |
| सीएंकडून ऑडिट रिपोर्ट मिळवणे | गुरु २१ ऑगस्ट | खजिनदार? | परवापर्यंत मिळेल | होकार घ्यायचा |
| पाणी बंदची नोटीस लावणे | शुक्र २२ ऑगस्ट | काका की सचिव? | आदल्या दिवशी लावा | विचारायचं |
| टाकी सफाई करून घेणे | शनि २३ ऑगस्ट (शेवटची २६) | बी-५०४ काका? | तुम्हीच बघा | होकार घ्यायचा |
| थकबाकीची यादी | मंगळ २६ ऑगस्ट? | खजिनदार | आठ दिवसांत देतो | नक्की, तारीख विचारायची |
| एजीएमची नोटीस सभासदांना पोहोचवणे | गुरु ४ सप्टें. (शेवटची ६) | सचिव? | चॅटमध्ये नाही, हिशोबाने | सभा ठरल्यावर |
| एजीएम, क्लब हाऊस | रवि २१ सप्टें., स. १०:३० | सचिव | घेऊया का? | प्रस्ताव |

सात ओळींपैकी पक्की एकच, आणि तिचीही तारीख विचारायची आहे. स्क्रीनशॉटमधून निघणारी प्रामाणिक यादी बहुतेक अशीच असते. या प्रश्नचिन्हांच्या जागी अंदाजाने नावं भरली की पुढच्या मीटिंगमध्ये वाद होतो, कारण ज्याचं नाव आलं त्याने ते काम कधी घेतलेलंच नसतं.

ग्रुपवर परत टाकताना

पूर्ण चौकट ग्रुपवर टाकू नका. फोनवर ती वाचली जात नाही आणि सगळे एक अंगठा दाखवून पुढे जातात. प्रत्येक माणसाचा प्रश्न वेगळा, त्याचं नाव टॅग करून, आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा लिहा:

‘काका, शनिवार २३ ऑगस्टला टाकी सफाई तुम्ही करून घेताय ना? शुक्रवारी २२ ला पाणी बंदची नोटीसही तुम्हीच लावणार की सचिव? कृपया हो/नाही लिहा.’

‘खजिनदार साहेब, थकबाकीची यादी २७ ला गणपती असल्यामुळे २६ ऑगस्टला द्याल का? आणि ऑडिट रिपोर्टचा पाठपुरावा तुमच्याकडे धरू का?’

‘सचिव साहेब, रात्री म्हणालात ती नोटीस पाण्याची की एजीएमची? आज टाकताय की उद्या? एजीएम २१ सप्टेंबर पक्की असेल तर छापील नोटीस ४ सप्टेंबरपर्यंत वाटावी लागेल.’

तारखेसोबत वार लिहिलाच पाहिजे. वाचणारा वार बघून पटकन ‘अहो, शनिवारी मी गावाला आहे’ म्हणतो. नुसता २३ आकडा बघून म्हणत नाही. उत्तर आलं की त्या माणसाचा शब्द मूळ शब्दांच्या रकान्यात खाली जोडा, आणि मगच प्रश्नचिन्ह काढा. ‘उत्तर आलं नाही तर होकार समजू’ असं कमिटीच्या ग्रुपवर लिहू नका. पगारी माणसांच्या ऑफिसात ते चालून जातं. इथे सगळे फावल्या वेळात काम करणारे असतात, आणि न वाचलेल्या मेसेजला होकार मानला की ते दुखावतात.

शीटमध्ये भरताना

यादी गूगल शीटमध्ये ठेवणार असाल तर आधी `File`, `Settings` मध्ये `Locale` भारत आहे का ते बघा. अमेरिका असेल तर 6/9/2025 लिहिल्यावर शीट ते ९ जून समजतं, काही तक्रार न करता. दिवसाचा आकडा १२ च्या वर असेल तर तो महिना म्हणून बसत नाही आणि नोंद मजकूर म्हणून राहते, त्यामुळे क्रम लावताना निम्म्या तारखा एकीकडे आणि निम्म्या दुसरीकडे जातात. सगळ्यात सुरक्षित म्हणजे 2025-09-06 असं लिहिणं. शीटमध्ये तारखेचे आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकड्यांवर हिशोब होईलच असं नाही. शेजारच्या रकान्यात वार आपोआप यावा आणि सभेच्या तारखेवरून नोटिशीची शेवटची तारीख निघावी म्हणून एवढी दोन सूत्रं पुरतात:

```
=TEXT(B2,"dddd")
=B8-15
```

पहिल्यात `B2` म्हणजे कामाची तारीख, दुसऱ्यात `B8` म्हणजे सभेची. सभा २८ ला सरकली तर नोटिशीची तारीख आपोआप १३ सप्टेंबर होते, आणि हीच गोष्ट हाताने बदलायची राहून जाते.

तारीख बदलली तर जुनी खोडून नवी लिहू नका. जुनी तशीच ठेवून शेजारी नवी तारीख, कोणी बदलली आणि कोणत्या मेसेजने, एवढं लिहा. मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत तो बदलता येतो आणि त्यावर फक्त `Edited` असं दिसतं, आधी काय होतं ते दिसत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये २३ आणि ग्रुपवर आता ३० दिसत असेल तर मूळ चित्रच एकमेव पुरावा असतो, म्हणून यादी पूर्ण झाल्यावरही सभा होईपर्यंत स्क्रीनशॉट ठेवून द्या. इतरांना पाठवायचा झाला तर मात्र साठवून न ठेवलेल्या लोकांचे फोन नंबर त्यात दिसत असतात. ते झाकून मगच पाठवा.